कोणतं जालना, कोणती तूर?

जालना जिल्ह्याचं लिंग गुणोत्तर किती? 2011 च्या जनगणनेचं उत्तर आहे 937. म्हणजे दर हजार पुरुषांमागे 937 स्त्रिया. त्याच जनगणनेत, त्याच जिल्ह्यासाठी आणखी एक उत्तर मिळतं: 870. दोन्ही आकडे खरे आहेत. मोजणी एकच, वर्ष एकच, जिल्हा एकच. फरक एवढाच, की पहिला आकडा सगळ्या वयाच्या माणसांचा आहे आणि दुसरा शून्य ते सहा वर्षांच्या मुलामुलींचा.

आता हे दोन आकडे कागदावरून उचलून संगणकाच्या पडद्यावर ठेवा. वर मोठ्या अक्षरांत ‘लिंग गुणोत्तर, जालना’ लिहिलंय आणि खाली ठळक 870. वयोगट निवडायची यादी पडद्याच्या डाव्या कडेला घडी होऊन बसली आहे आणि तिथे कुणीतरी आधी ‘0–6’ निवडून ठेवलंय. बघणारा ते 870 सगळ्या जिल्ह्याचं म्हणून लिहून घेतो. उलटही होतं: बालकांचा आकडा शोधत आलेल्याला 937 दिसतो, तो सुटकेचा श्वास टाकतो, आणि मुलींची संख्या किती कमी झाली आहे हे सांगणारा आकडा त्याच्यापासून एका क्लिकच्या अंतरावर झाकलेला राहतो. यंत्र बिघडलेलं नाही, बेरीज चुकलेली नाही, कुणी खोटं बोललेलं नाही. तरीही माणूस चुकीचं ज्ञान घेऊन उठला.

मला या गोष्टीचं राहून राहून नवल वाटतं. आकडा हे नेहमी एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. डॅशबोर्डवर उत्तर मोठ्या अक्षरांत असतं आणि प्रश्न फिल्टरमध्ये असतो. फिल्टर दिसेनासा झाला, की उत्तर तेच राहतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे बघणारा मनाने ठरवतो.

एका नावाची तीन गावं

जालन्यात ही अडचण आणखी खोल जाते, कारण ‘जालना’ हे जिल्ह्याचं नाव आहे, तालुक्याचं आहे आणि शहराचंही आहे. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या होती 19,59,046. शहराची होती 2,85,577. जवळजवळ सातपटीचा फरक. पडद्यावर फिल्टरची पट्टी असली आणि तिच्यावर नुसतं ‘जालना’ लिहिलेलं असलं, तरी बघणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. फिल्टर दाखवणं म्हणजे निवडलेली किंमत दाखवणं एवढंच नव्हे, तर ती कोणत्या रकान्यातली आहे हेही दाखवणं. ‘जालना’ पुरत नाही. ‘जिल्हा: जालना (सर्व 8 तालुके)’ किंवा ‘शहर: जालना’ असं लिहावं लागतं.

यात काळही मिसळतो. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. समजा, एखाद्याने जुन्या जनगणनांचा डॅशबोर्ड उघडला, जिल्ह्याच्या जागी ‘जालना’ ठेवलं आणि वर्ष 1971 निवडलं, तर पडदा रिकामा येईल. त्या रिकामेपणाचा अर्थ ‘इथे कुणी राहत नव्हतं’ असा नाही. ‘या दोन अटी एकत्र पाळणारी एकही नोंद नाही’ एवढाच आहे. चांगला डॅशबोर्ड अशा वेळी शून्य दाखवत नाही. तो सांगतो की जिल्हा = जालना आणि वर्ष = 1971 या अटींमध्ये काही सापडलं नाही, आणि यातली कोणती अट काढून बघायची ते विचारतो. शून्य आणि ‘नोंद नाही’ यांच्यात केवढं अंतर आहे, हे त्या एका वाक्याने कळतं.

मोंढ्यातली तूर

आता रोजच्या कामातलं उदाहरण घेऊ. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या भावांच्या तक्त्यात बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. यातला ‘जात किंवा प्रत’ हा रकाना जालन्यात फार महत्त्वाचा आहे. तूर इथे लालही येते आणि पांढरीही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांतच बीडीएन-711 पांढऱ्या दाण्याचं आहे आणि बीडीएन-716 लाल दाण्याचं. मोंढ्यात दोन्हींचा ढीग वेगळा लागतो आणि भावही वेगळा निघतो.

आपण एक दिवस कल्पू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. त्या दिवशी लाल तूर 300 क्विंटल आली आणि 7,000 रुपयांनी गेली. पांढरी 100 क्विंटल आली आणि 7,800 रुपयांनी गेली. एकूण आवक 400 क्विंटल. आवकेच्या प्रमाणात धरलेला सरासरी भाव 7,200 रुपये. एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणारी मुलगी रोज सकाळी हा डॅशबोर्ड उघडते. काल दुपारी तिला कुणीतरी फक्त पांढऱ्या तुरीचा भाव विचारला, म्हणून तिने जात ‘पांढरी’ निवडली, उत्तर दिलं आणि पान बंद केलं.

आज सकाळी तिने पान उघडलं. डॅशबोर्डने तिची कालची निवड जपून ठेवली होती. मोंढ्यात आजही अगदी कालच्याइतकीच तूर आली आहे, भावही तेच आहेत. पण तिच्या पडद्यावर आवक 100 क्विंटल आणि भाव 7,800. काल सकाळच्या टिपणात 400 आणि 7,200 लिहिलेले आहेत. तिच्या मनात काय येईल? आवक चौथाईवर आली, म्हणून भाव सहाशेने चढला. हे वाक्य इतकं सरळ, इतकं पटण्यासारखं आहे की त्यावर शंका घ्यायला जागाच राहत नाही. बाजाराचा नियमच तो आहे. ती सभासदांना निरोप पाठवते: माल थांबवू नका, भाव चढलाय. लाल तूर घेऊन निघालेल्या माणसाला मोंढ्यात 7,000 चाच भाव मिळतो.

अडकलेल्या फिल्टरचा सगळ्यात मोठा धोका मला यातच दिसतो. तो वेडावाकडा, अशक्य आकडा दाखवत नाही. तसा दाखवला असता तर लगेच पकडला गेला असता. तो खऱ्या जगाचा एक खरा तुकडा दाखवतो, आणि तुकडा आतून सुसंगतच असतो. म्हणून त्याच्याभोवती चटकन एक कारण गुंफलं जातं.

निवड राहते कुठे?

मग पान बंद केल्यावरही ती ‘पांढरी’ कुठे जिवंत राहिली? फिल्टरला राहायला अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागेची सवय वेगळी असते.

पहिली जागा पत्त्याची ओळ. तिथे शेवटी `?market=jalna&variety=white` असं काहीतरी चिकटलेलं दिसतं. इथला फिल्टर दुव्याबरोबर प्रवास करतो. तुम्ही दुवा पाठवलात, की समोरच्याला तुमचंच दृश्य दिसतं. ही मोठी सोय आहे, पण ज्याला तो दुवा मिळाला त्याने फिल्टर स्वतः लावलेला नसल्यामुळे तो असेल अशी त्याला कल्पनाही नसते. दुसरी जागा ब्राउझरची साठवण किंवा सर्व्हरवर तुमच्या नावाची नोंद. पॉवर बीआयमध्ये वाचकाने लावलेले फिल्टर पुढच्या भेटीपर्यंत जपले जातात, म्हणूनच तिथे मूळ स्थितीवर नेणारं बटणही दिलेलं असतं. तिसरी जागा बघणाऱ्याच्या हातात नसतेच. डॅशबोर्ड बनवणाऱ्याने आलेखाच्या आतच एखादी अट पुरून ठेवलेली असते, उदाहरणार्थ फक्त अंतिम झालेल्या नोंदी घ्या. किंवा परवानगीचा नियम असतो: परतूरच्या कर्मचाऱ्याला फक्त परतूर दिसेल. एकाच पानावर दोन माणसं बसतात, दोन आकडे बघतात आणि एकमेकांशी वाद घालतात. दोघांच्याही पडद्यावर फिल्टरची यादी रिकामी असते.

म्हणून दिसणाऱ्या पट्टीत केवळ वाचकाने निवडलेल्या अटी असून भागत नाही. लपलेल्या अटीही तिथे याव्या लागतात. त्या काढता येत नसतील तर कुलपाचं चिन्ह लावून याव्यात, पण याव्यात.

निवडलेलं आणि लागू झालेलं

इथे एक बारीक फट आहे, जी चांगल्या कारागिरांच्याही नजरेतून सुटते. यादीत तुम्ही ‘लाल’ निवडलं, पण ‘लागू करा’ हे बटण अजून दाबलेलं नाही. किंवा दाबलंय, पण नेट मंद आहे आणि उत्तर यायचंय. त्या काही सेकंदांत पडद्यावर वर ‘लाल’ लिहिलेलं असतं आणि खाली आलेख अजून पांढऱ्या तुरीचाच असतो. नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी फोनवर स्क्रीनशॉट काढतो.

यावर उपाय एका नियमात आहे: पट्टीवरचा मजकूर यादीतल्या निवडीवरून लिहायचा नाही, आलेल्या उत्तरावरून लिहायचा. सर्व्हर जेव्हा आकडे पाठवतो, तेव्हा त्यांच्याबरोबरच ‘हे आकडे या अटींवर काढले’ अशी चिठ्ठीही पाठवतो, आणि पट्टी ती चिठ्ठी वाचते. निवड बदलली आणि उत्तर अजून आलेलं नसलं, तर जुना आलेख फिका करायचा. मग आकडा आणि त्याची अट यांची फारकत होऊच शकत नाही, कारण दोघं एकाच पाकिटातून आलेले असतात.

दुसरी फट व्याप्तीची. पानावर पाच आलेख आहेत आणि फिल्टर त्यातल्या चारांनाच लागतो, कारण पाचव्याच्या तक्त्यात ‘जात’ हा रकानाच नाही. वरची पट्टी सगळ्या पानाच्या वतीने ‘पांढरी’ म्हणते आणि पाचवा आलेख मुकाट्याने सगळी तूर दाखवत राहतो. ॲपाची सुपरसेट या मुक्त साधनात यासाठी प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात एक खूण असते. तिच्यावर गेलं, की या आलेखाला कोणते फिल्टर लागले आहेत ते कळतं.

हीच गंमत साध्या एक्सेलमध्ये घरबसल्या बघता येते. आवकेच्या रकान्याखाली ही दोन सूत्रं शेजारी शेजारी लिहा:

```
=SUM(D2:D500)
=SUBTOTAL(9,D2:D500)
```

फिल्टर नसताना दोन्हींचं उत्तर एकच येतं. आता फिल्टर लावून फक्त पांढरी तूर ठेवा. `SUM` हलत नाही, तो झाकलेल्या ओळीही धरतो. `SUBTOTAL` लगेच उतरतो, कारण तो फिल्टरमधून उरलेल्या ओळीच मोजतो. एकाच शीटवर, एकाच रकान्याच्या दोन बेरजा, आणि दोन्ही बरोबर. एक्सेल तुम्हाला इशाराही देतं: ओळींचे क्रमांक निळे होतात, मथळ्यावर गाळणीची खूण येते आणि खालच्या पट्टीत किती नोंदींपैकी किती सापडल्या ते लिहून येतं. ‘इतक्यांपैकी इतक्या’ ही रचना फार मोलाची आहे. नुसत्या ‘100 क्विंटल’वरून काही कळत नाही. ‘400 पैकी 100 क्विंटल’ म्हटलं, की काहीतरी बाजूला ठेवलंय हे डोळ्याला आपोआप कळतं.

‘सर्व’ म्हणजे सगळे नव्हेत

या विषयातली मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट आता सांगतो. आपल्या कल्पित दिवसात आणखी 40 क्विंटल तूर घालू, जिच्या नोंदीत जातीचा रकाना रिकामाच राहिला. घाईत कारकुनाने भरला नाही, असं समजा. आता खरी आवक 440 क्विंटल आहे. तुम्ही यादीत ‘पांढरी’वर खूण केली, ‘लाल’वरही केली. यादीत तिसरं काही नाहीच. म्हणजे सगळं निवडलं. पडद्यावर येतं 400.

आत चाललेला प्रश्न असा असतो:

```sql
SELECT SUM(arrival_qtl)
FROM tur_arrivals
WHERE market = 'Jalna'
  AND variety IN ('White', 'Red');
```

डेटाबेसच्या जगात रिकामा रकाना म्हणजे ‘माहीत नाही’. त्या 40 क्विंटलच्या नोंदीला विचारलं, ‘तू पांढरी किंवा लाल आहेस का?’, तर तिचं उत्तर ‘होय’ नसतं आणि ‘नाही’ही नसतं. ते ‘माहीत नाही’ असतं. आणि `WHERE` च्या दारातून फक्त ‘होय’ म्हणणाऱ्यांनाच आत सोडतात. त्याहून नवल म्हणजे अट उलटी करून ‘पांढरी नसलेली’ मागितलीत, म्हणजे `variety <> 'White'`, तरीही ही नोंद बाहेरच राहते. पांढऱ्यातही नाही, पांढऱ्या नसलेल्यातही नाही. फिल्टर पूर्ण काढला, `variety` ची अटच पुसून टाकली, तरच ती आत येते आणि बेरीज 440 होते.

म्हणून ‘सगळ्या खुणा केल्या’ आणि ‘फिल्टरच नाही’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि पट्टीवर त्या वेगळ्याच दिसायला हव्यात. पहिलीसाठी ‘जात: पांढरी, लाल’. दुसरीसाठी ‘जात: अट नाही’. आणि यादीत ‘नोंद नाही’ असा तिसरा पर्याय ठेवला, तर त्या 40 क्विंटलनाही स्वतःचं घर मिळतं.

सातबाऱ्याचं डोकं

मग ही पट्टी असावी कशी? उत्तर आपल्या घरात, फायलीतच आहे. सातबारा बघा. त्याच्या अगदी माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो, गट क्रमांक असतो. बाराच्या भागात पिकाच्या ओळीला वर्ष आणि हंगाम जोडलेला असतो. एकाच नावाची गावं अनेक असतात, म्हणून तालुका. एकाच गटात दोन हंगामांत दोन पिकं असतात, म्हणून हंगाम. डोकं फाडून उरलेला सातबारा घेऊन बँकेत गेलं, तर कुणी त्याच्याकडे बघणारही नाही, आतलं क्षेत्र कितीही अचूक असो. हे डोकं म्हणजेच लागू असलेल्या फिल्टरची यादी. कागदाच्या काळातल्या माणसांनी ती सोडायची नाही असा दंडक घातला, कारण कागद हातोहात जातो आणि त्याच्याबरोबर समजावून सांगणारा माणूस जात नाही.

आजचा स्क्रीनशॉट तसाच हातोहात जातो. व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात बाजूची फिल्टरची यादी कापली गेलेली असते, उरतो फक्त आलेख. म्हणून पट्टी पानाच्या कडेला नको, आकड्याच्या अंगाला हवी: आलेखाच्या मथळ्याखाली, पूर्ण वाक्यासारखी. आपल्या उदाहरणासाठी ती अशी होईल: ‘बाजार समिती: जालना · तूर, फक्त पांढरी · आजची आवक · 440 पैकी 100 क्विंटल’. छापील प्रतीत आणि उतरवून घेतलेल्या फायलीच्या पहिल्या ओळीतही हेच वाक्य जायला हवं.

ते वाक्य फिल्टर नसतानाही दिसायला हवं. एरवी गायब असलेली पट्टी फिल्टर लागल्यावरच उगवली, तर तिच्या गैरहजेरीचा अर्थ ‘फिल्टर नाही’ की ‘दाखवायचं राहिलं’ हे कळत नाही. प्रत्येक अटीशेजारी ती काढायची फुली हवी आणि शेवटी ‘मूळ स्थिती’ हे बटण. आणि अटी वाढल्या की शब्द शहाणपणाने वापरायला हवेत. आठपैकी सात तालुके निवडले असतील, तर सात नावांची रांग कुणी वाचत नाही. ‘मंठा सोडून सर्व तालुके’ असं लिहिलं, की काय वगळलंय ते एका नजरेत कळतं.

पट्टीलाही मर्यादा आहे. मुळात मोजणीतच जे आलं नाही, ते कोणताही फिल्टर दाखवणारी पट्टी सांगू शकत नाही. मोंढ्यात न येता गावातच विकली गेलेली तूर तिच्या कक्षेबाहेरच आहे. पट्टी एवढंच सांगते, की जे जमा आहे त्यातलं तुम्ही किती बघताय.

पट्टी नसलेला डॅशबोर्ड समोर आला तर वाचकाने काय करावं? तीन गोष्टी पुरतात. पान खासगी खिडकीत पुन्हा उघडावं, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेली निवड गळून पडते. पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्हानंतर काय लिहिलंय ते वाचावं. आणि तुकड्यांची बेरीज करून ती दुसरीकडून माहीत असलेल्या एकूण आकड्याशी ताडून पाहावी. 2011 चे जालना जिल्ह्यातले पुरुष 10,11,473 आणि स्त्रिया 9,47,573. दोन्ही मिळून 19,59,046, म्हणजे जिल्हा पूर्ण. बेरीज जुळली तर काही झाकलेलं नाही. जुळली नाही, तर तो आकडा पुढे पाठवण्याआधी थांबा आणि विचारा: कोणतं जालना, कोणती तूर, कोणत्या वयाची माणसं?